मामांची खुर्ची आणि रात्रीची उधारी

बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाविषयी माणसे पहिला प्रश्न विचारतात तो हा : एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते? विक्रेता एक आकडा सांगतो, घेणारा तो लक्षात ठेवतो, आणि पुढे वर्ष-सव्वावर्षाने वाहन त्या आकड्याच्या पाव अंतरावर थांबू लागले की विक्रेत्याला दूषण देतो. स्कूटर थांबली तर ती ढकलत नेता येते. पण ज्याचे पायच ते वाहन आहे, त्याने काय करावे? सुरतेला लिंबायत भागात राहणाऱ्या माझ्या मामांची विजेची खुर्ची अशीच थांबू लागली होती. ती का थांबत होती ह्याचा छडा लावताना जे कळले ते येथे मांडते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा शास्त्रशाखेच्या वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे.

मामा एका कापडाच्या पार्सल ऑफिसात हिशेब लिहितात. ऑफिस रुळांच्या पलीकडे. घरापासून दोन किलोमीटर जाणे आणि दोन येणे, म्हणजे रोजचे चार किलोमीटर. सुरत शहर तसे सपाट, पण रेल्वेखालून जायचे तर गरनाळ्यात उतरावे लागते आणि मग चढ चढून वर यावे लागते. खुर्ची नवी होती तेव्हा एका चार्जिंगमध्ये पंधरा किलोमीटर आरामात जाई. चौदा महिन्यांनी अशी पाळी आली, की सकाळी हिरवा दिवा पाहून निघावे आणि संध्याकाळी परतताना गरनाळ्याच्या चढावर खुर्चीने दम टाकावा. मागून रिक्षांचे भोंगे, पुढे चढ, आणि खुर्चीच्या दांड्यावर लुकलुकणारा तांबडा दिवा. दोनदा रस्त्यावरच्या पोरांनी ढकलून वर काढले. तिसऱ्या खेपेनंतर मामांनी ऑफिसला जाणेच बंद केले आणि वह्या घरी मागवू लागले.

"अगं, मोटर गेली असेल," मामा म्हणाले. मामींचे मत पडले की खुर्चीच मुळात हलक्या प्रतीची. उधन्याला बॅटऱ्या दुरुस्त करणारे एक वयस्क खानदेशी गृहस्थ आहेत; त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांनी मोटरीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी विचारले, "चार्जिंगला कधी लावता, आणि काढता कधी?"

मामांचे उत्तर अगदी सरळ होते. दांड्यावर पाच दिवे आहेत. दोन दिवे उरले म्हणजे लावायचे, ते साधारण तिसऱ्या दिवशी येते. उगाच रोज लावून बॅटरीचे आयुष्य कशाला कमी करा? संध्याकाळी आल्यावर तीन-चार तास लावायचे आणि निजायच्या आधी बटण बंद करायचे. रात्रभर वीज कशाला जाळा, आणि आग लागली तर? काका हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "साहेब, बॅटरी तुमच्या काटकसरीने मेली."

ह्या वाक्याचा अर्थ लागण्यासाठी बॅटरीच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे. शिशाची बॅटरी ही काही नवी वस्तू नव्हे. गास्तों प्लाँते ह्या फ्रेंच गृहस्थाने ती १८५९ साली केली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची, आणि मध्ये पातळ गंधकाम्ल. वीज काढली की आम्लातला गंधकाचा अंश दोन्ही प्लेटींवर जाऊन बसतो व तेथे शिशाचे सल्फेट तयार होते. चार्ज केले की ते सल्फेट विरघळून पुन्हा आम्लात जाते. म्हणजे सल्फेट होणे हा रोग नव्हे. तेच तर बॅटरीचे काम आहे. रोग पुढे सुरू होतो. ताजे सल्फेट अगदी बारीक कणांचे असते आणि चटकन विरघळते. ते तसेच दिवसेंदिवस पडून राहिले, तर बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर जमत जातात आणि हळूहळू टणक खडे बनतात. आमच्या भागात गुऱ्हाळावरून आणलेली काकवी बरणीत महिनोन् महिने राहिली की तळाला साखरेचे खडे धरते, ते आठवावे. ते खडे चमच्याने ढवळून विरघळत नाहीत. प्लेटीवरचे हे खडे विजेलाही दाद देत नाहीत. प्लेटीचा तेवढा भाग कामातून जातो. ह्यालाच सल्फेशन म्हणतात.

आता मामांचा क्रम पाहा. पहिल्या दिवशीचे सल्फेट तिसऱ्या दिवसापर्यंत तसेच पडून. तिसऱ्या दिवशी चार्जिंग अर्धवट, त्यामुळे थोडे सल्फेट कधीच परत फिरत नाही. आम्हां वाणिज्यवाल्यांच्या भाषेत ही उधारी आहे. त्याच रात्री फेडली तर मुद्दलावर सुटका होते. रोज थोडी थकीत ठेवली तर व्याज चढते. कन्नडात 'साल' म्हणजे कर्ज आणि मराठीत साल म्हणजे वर्ष. बॅटरीच्या बाबतीत एकाचा परिणाम थेट दुसऱ्यावर होतो.

"पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये" हा समज मामांचा एकट्याचा नाही. तो जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांच्या काळातून आला. त्यांना अर्धवट उतरवून चार्ज करण्याची सवय लागते असे म्हणत, आणि त्यात काही तथ्यही होते. शिशाच्या बॅटरीला तसली आठवण नसते. उलट ती जितकी खोल उतरवावी तितकी लवकर झिजते. रोज तिसरा हिस्सा वापरून रात्री भरणारी बॅटरी, प्रत्येक वेळी तळ गाठणाऱ्या बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक फेऱ्या देते.

येथे एक शंका येईल. ह्या खुर्चीत तर 'डीप सायकल' बॅटरी असते, म्हणजे खोल उतरवण्यासाठीच केलेली. मग तिला उतरवायचे नाही तर काय करायचे? काकांनी दुकानात दोन फुटक्या बॅटऱ्या शेजारी ठेवून ह्याचे उत्तर दिले. मोटारगाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटी पुष्कळ संख्येने असतात, कारण तिला गाडी सुरू करण्यापुरता काही सेकंद प्रचंड प्रवाह द्यायचा असतो आणि लगेच इंजिन तिला भरून काढते. खुर्चीच्या बॅटरीत प्लेटी कमी पण जाड, आणि त्यांवरचा लेप घट्ट असतो; तिला तासन् तास बेताचा प्रवाह द्यायचा असतो. गाडीची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून खुर्चीला लावली, तर वारंवार खोल उतरल्यामुळे तिचा लेप सुटून पडतो आणि थोड्याच महिन्यांत ती संपते. जाड प्लेटी खोल उतरणे सोसतात, एवढाच 'डीप सायकल'चा अर्थ. उतरलेल्या स्थितीत पडून राहणे कोणतीच प्लेट सोसत नाही.

नुसत्या तर्कावर चौदा हजारांचा खर्च करायचा नाही, म्हणून आम्ही मोजमाप केले. मामांच्या खुर्चीत १२ व्होल्टच्या दोन बंद बॅटऱ्या आहेत. एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट होतात. प्रत्येकीवर ३६ अँपिअर-तास लिहिले आहे. ह्या आकड्याचा अर्थ बहुतेकांना सांगितला जात नाही. तो साधारणपणे वीस तासांच्या हिशेबाने दिलेला असतो, म्हणजे १.८ अँपिअर प्रवाह वीस तास. खुर्ची चालताना त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि प्रवाह जितका मोठा तितके बॅटरीतून एकंदर कमी निघते. तेव्हा नव्या बॅटरीतूनही चालताना ३६ नव्हे, अठ्ठावीसच्या आसपास हाती लागतात. मामांच्या रस्त्यावर किलोमीटरला साधारण दीड अँपिअर-तास खर्च धरला, तर अठराएक किलोमीटरला तळ लागेल. पंधरा किलोमीटरला घरी परतणे शहाणपणाचे. म्हणजे नवी असताना खुर्ची अगदी बरोबर चालत होती.

पहिली परीक्षा विश्रांतीच्या व्होल्टेजची. रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून, बारा तास खुर्ची हलवली नाही. मग सीट उचलून प्रत्येक बॅटरीवर मल्टिमीटर लावला. अशा बंद बॅटरीत पूर्ण भरल्यावर १२.८ ते १३ व्होल्ट दिसावेत, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. उजवीकडची १२.८५ निघाली, डावीकडची १२.४५. दुसरी परीक्षा ओझ्याखालची. मामा इमारतीच्या दाराशी असलेल्या उतरणीवरून खुर्ची वर चढवीत होते आणि मी बाजूने चालत मीटर धरून होते. उजवी १२.१ वर टिकली, डावी १०.४ पर्यंत कोसळली. मोटरीचा दोष नाही हे तेथेच ठरले.

तिसरी परीक्षा काकांनी सांगितली आणि मला ती फार आवडली, कारण तिला मल्टिमीटरखेरीज फक्त मोटारगाडीच्या ब्रेकचा दिवा लागतो. १२ व्होल्ट, २१ वॉटचा हा दिवा पावणेदोन अँपिअर घेतो. म्हणजे ३६ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हवा असलेला वीस तासांचा प्रवाह जवळजवळ बिनचूक मिळतो. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून खुर्चीतून सोडवल्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र दिवा लावला. दिवा तापतो, म्हणून तो फरशीवर ठेवावा, गादीजवळ नको. पाने लावताना त्यांच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळावी आणि हातातली अंगठी, बांगडी काढून ठेवावी. दोन टोकांवर धातू आडवा पडला तर ठिणगी नव्हे, जाळच होतो. पहाटे पाचला दिवे लावले व दर अर्ध्या तासाने व्होल्टेज वहीत लिहिले. १०.५ व्होल्ट आले की थांबायचे. त्याखाली नेणे म्हणजे परीक्षा घेता घेता रोग्याला मारणे. डावी बॅटरी अकरा वाजता, सहा तासांत, १०.५ वर आली. उजवीने संध्याकाळी सहापर्यंत, तेरा तास, तग धरला. गुणाकार केला तर डावीत साडेदहा अँपिअर-तास उरलेले, उजवीत पावणेतेवीस. परीक्षा संपताक्षणी दोघींना चार्जिंगला लावले.

जोडणी एकापुढे एक असल्यामुळे दोघींतून एकच प्रवाह जातो. म्हणून खुर्ची कमजोर बॅटरीइतकीच चालते. उजवीत अर्ध्याहून अधिक शिल्लक असून उपयोग नाही. डावीतले साडेदहा हे संथ प्रवाहाचे; चालताना त्यांतले सहाएक हाती येणार. दीडने भागले की चार किलोमीटर. नेमके गरनाळ्याच्या परतीच्या चढापर्यंत!

मग सकाळचा हिरवा दिवा खोटे बोलत होता काय? खोटे नाही, पण तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. आधी ठरावीक प्रवाह, मामांच्या चार्जरचा पाच अँपिअर, सोडत राहतो आणि व्होल्टेज चढत जाते. ते २८.८ च्या सुमारास पोचले की व्होल्टेज तेथेच धरून ठेवतो आणि प्रवाह आपोआप घटत जातो. तो पुरेसा घटला की हिरवा दिवा लावून २७ व्होल्टच्या थोडे वर बॅटरी नुसती राखीत राहतो. पहिल्या टप्प्यात सुमारे ऐंशी टक्के भरते. उरलेल्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात, आणि हट्टी सल्फेट विरघळते ते ह्याच शेवटच्या तासांत. मामा नेमके तेव्हाच बटण बंद करीत. शिवाय हिरवा दिवा "प्रवाह घटला" एवढेच सांगतो. सल्फेट धरलेली बॅटरी प्रवाह घेतच नाही, म्हणून तिच्यावर दिवा लवकर हिरवा होतो. जी खुर्ची पूर्वी आठ तास घेत होती ती अडीच तासांत हिरवी होऊ लागली, ह्याचा मामांना आनंदच झाला होता. खरे तर ओळखण्याची सर्वांत सोपी खूण तीच होती.

आणखी एक गोष्ट चार्जिंग चालू असताना मोजली तेव्हा दिसली. चार्जर २८.८ ची बेरीज पाहतो. वाटणी पाहत नाही. डावीवर १५.१ व्होल्ट आणि उजवीवर १३.७ पडत होते. म्हणजे आजारी बॅटरी गरजेपेक्षा जास्त दाबाखाली गॅस सोडून वाळत होती, आणि धडधाकट बॅटरी अर्धपोटी राहून स्वतः सल्फेट धरीत होती. म्हणून एकच बॅटरी बदलून भागत नाही. जुनीसोबत नवी बसवली, तर जुनी नवीलाही आपल्या वाटेने नेते.

डावी वाचवता येईल का, हे काकांनी प्रामाणिकपणे करून पाहिले. प्रत्येकीला वेगवेगळे, दीड अँपिअरच्या मंद प्रवाहाने, व्होल्टेज १४.७ च्या वर जाऊ न देता दोन दिवस ठेवले. पुन्हा दिव्याची परीक्षा घेतली. डावी सहावरून साडेसात तासांवर आली, उजवी तेरावरून पंधरावर. सुधारणा खरी, पण उजवीसुद्धा पाऊणच भरली आणि डावी पूर्वीच्या निम्म्यालाही पोचली नाही. सल्फेशन कोवळे असेल तर ते असे उतरते. खडे जुने झाले की उतरत नाही. बंद बॅटरीत वरून पाणी किंवा बाटलीतले औषध ओतायची सोय नाही, आणि गॅरेजच्या मोठ्या चार्जरने दाबून भरले तर आतला ओलावा झडपेतून निघून जातो तो परत येत नाही.

नवी जोडी घेतली. पण त्याआधी मी मामांना त्यांच्याच वहीत हिशेब मांडून दाखवला. जुनी जोडी चौदा हजारांची. महिन्याला सव्वीस दिवस, रोज चार किलोमीटर, चौदा महिने, म्हणजे १,४५६ किलोमीटर. किलोमीटरला साडेनऊ रुपयांच्या वर नुसती बॅटरी पडली. तीच जोडी तीन वर्षे टिकली असती तर पावणेचार रुपये पडले असते. आणि जी वीज वाचवण्यासाठी हे सारे झाले ती किती? चार्जरमधली गळती धरूनही एका युनिटमध्ये वीसएक किलोमीटर होतात. रोजच्या चार किलोमीटरना युनिटचा पाचवा हिस्सा. युनिटला आठ रुपये धरले तरी दिवसाला दीड-पावणेदोन रुपये. मामांनी आकडे दोनदा तपासले. जन्मभर दुसऱ्यांचे घसारे लिहिणाऱ्या माणसाला आपल्या घरातला घसारा दिसला नव्हता.

आगीची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्यावर उपाय असा की चार्जर त्या बॅटरीसाठी सांगितलेलाच हवा, भिंतीवरचा सॉकेट सैल नको, चार्जर गादीवर किंवा कपड्यांखाली नको आणि खोलीला खिडकी उघडी हवी. एवढे पाळले तर रात्रभर लावून ठेवणे हाच योग्य क्रम. आता खुर्ची घरी आली की लागते आणि सकाळी निघताना निघते, मग ती चार किलोमीटर चाललेली असो की अर्धा.

सुरतेच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागला. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. खुर्ची दुपारभर ऑफिसच्या पत्र्याखाली उभी असे. ती आता आत जिन्याजवळ असते. सुट्टीत गावी जाताना पूर्वी खुर्ची आहे त्या स्थितीत महिनाभर राही. बॅटरी नुसती पडूनही उतरते, उकाड्यात अधिकच. आता निघताना पूर्ण भरून, मुख्य जोड सोडवून ठेवतात, आणि मुक्काम लांबला तर शेजारचा मुलगा महिन्यातून एक रात्र चार्जिंगला लावतो. खाडीचे पाणी गल्लीत येऊन खुर्ची आठवडाभर अडकून पडते त्या दिवसांतही चार्जर चालू असतो. मात्र तो आणि त्याची वायर खाटेच्या उंचीवर असते.

एक इशारा देणे भाग आहे. नव्या खुर्च्यांत लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्यांना सल्फेशन होत नाही, कारण त्यांत शिसेही नाही व गंधकाम्लही नाही. त्यांना सदैव काठोकाठ भरून ठेवणे उलट मानवत नाही, आणि शिशाचा चार्जर त्यांना चालत नाही. तेव्हा वरचे नियम आपल्या खुर्चीला लावण्यापूर्वी बॅटरीवर काय लिहिले आहे ते वाचावे.

मामांच्या वहीत आता एक पान बॅटरीचे आहे. महिन्यातून एकदा दोन्हींचे विश्रांतीचे व्होल्टेज आणि हिरवा दिवा लागायला लागलेले तास. सहा महिन्यांतून एकदा ब्रेकच्या दिव्याची परीक्षा. दोन बॅटऱ्यांच्या विश्रांतीच्या आकड्यांत ०.२ व्होल्टचा फरक दिसला की काकांना कळवायचे, असे ठरले आहे. अकराव्या महिन्याची नोंद मी स्वतः पाहिली : डावी अठरा तास, उजवी साडेअठरा. मामा रोज ऑफिसला जातात, आणि परतीच्या वाटेवर गरनाळ्याचा चढ चढून पलीकडच्या टपरीवर चहा घेतात.